दोन्ही रेषा एकदम सरकल्या तर?

[पडद्यावर आलेख. आडव्या अक्षावर नगसंख्या, उभ्या अक्षावर किंमत.]

ही उतरती रेषा मागणीची, ही चढती पुरवठ्याची. दोघी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे बाजाराचा समतोल. एकच रेषा सरकली तर फारसा प्रश्न येत नाही. मागणी वाढली की किंमत चढते आणि विक्रीही वाढते. पुरवठा वाढला की विक्री वाढते, किंमत मात्र उतरते.

पण बाजार काही एका वेळी एकच बदल करायला बांधलेला नाही. ज्या वर्षी लोकांचं उत्पन्न वाढतं, त्याच वर्षी कारखान्यात जास्त वेगाने काम करणारं यंत्रही येऊ शकतं. मग मागणीची रेषा उजवीकडे सरकते आणि पुरवठ्याचीही. विक्री किती व्हायची ती होवो, ती वाढणार हे नक्की, कारण दोन्ही बदल तिला एकाच दिशेला ढकलतात. किमतीवर मात्र ओढाताण चालते. मागणी तिला वर खेचते, पुरवठा खाली. कोण जिंकणार, हे नुसतं ‘दोन्ही वाढले’ एवढ्यावरून सांगता येत नाही. किंमत अनिश्चित म्हणतात ती एवढ्याचसाठी. नवा समतोल असतोच आणि तो एकच असतो. आपल्याला दिशा सांगितली आहे आणि प्रमाण सांगितलेलं नाही, इतकीच अडचण आहे.

[आलेखावर आकडे उमटतात.]

आता आकडे घेऊन बघू. समजा मागणीचा नियम असा: १०० मधून किंमत वजा करा, तेवढे नग मागितले जातात. पुरवठ्याचा नियम असा: किमतीची तिप्पट करा आणि त्यातून १०० वजा करा, तेवढे नग विकायला येतात. किंमत ५० असेल तर मागणी ५० आणि पुरवठाही ५०. हा आपला जुना समतोल.

आता प्रत्येक किमतीला मागणी २० नगांनी वाढली आणि पुरवठा १० नगांनी. गणित सोडवलं की नवी किंमत येते ५२.५ आणि विक्री ६७.५. आकडे उलटे करू. मागणी १० ने वाढली, पुरवठा २० ने. आता किंमत ४७.५, विक्री ६२.५. विक्री दोन्ही वेळा वाढली, किंमत एकदा चढली आणि एकदा उतरली.

निकाल नेमका कशावर लागला, ते जुन्या किमतीवर थांबून पाहिलं की दिसतं. ५० या किमतीवर आडवी रेघ ओढा. पहिल्या वेळी या रेघेवर मागणी ७० आणि पुरवठा ६०. दहा नग कमी पडतात, ग्राहकांत चढाओढ लागते, किंमत वर जाते. दुसऱ्या वेळी मागणी ६०, पुरवठा ७०, दहा नग पडून राहतात, आणि किंमत खाली येते. म्हणजे किमतीचा प्रश्न असेल तर आडवं मोजायचं: जुन्या किमतीला कोण जास्त नगांनी सरकलं? रेषा उभट आहे की पसरट, याने किंमत किती बदलेल ते ठरतं. कोणत्या दिशेला बदलेल ते ठरत नाही.

परीक्षेच्या वहीत इथे एक नेहमीची गफलत दिसते. विद्यार्थी दोन्ही रेषा अंदाजाने सारख्याच सरकवतो, नवा छेदबिंदू जुन्याच उंचीवर येतो, आणि तो लिहून टाकतो: किंमत स्थिर राहते. आकृती बरोबर असते, पण ती अनेक शक्यतांपैकी एकच असते.

[पुरवठ्याची रेषा आता डावीकडे सरकू लागते.]

उलटा प्रसंग जास्त फसवा आहे. मागणी वाढली आणि त्याच वेळी पुरवठा घटला. कच्चा माल महागला, समजा. आता किमतीला दोन्हीकडून वरचाच रेटा आहे, ती चढणार यात शंका नाही. अनिश्चित आहे ती विक्री. मागणी तिला वाढवते, घटलेला पुरवठा तिला कमी करतो.

मागणी २० नगांनी वाढली आणि पुरवठा ३० नगांनी घटला, असं धरू. बहुतेकांचं मन लगेच सांगेल, घट मोठी आहे, म्हणजे विक्री कमी होणार. हिशेब करून पाहा. किंमत होते ६२.५ आणि विक्री ५७.५. जुन्या ५० पेक्षा जास्त!

इथे आडवं मोजलेलं कामाला येत नाही, उभं मोजावं लागतं. जुन्या नगसंख्येवर, म्हणजे ५० वर, उभी रेघ ओढा. पूर्वी पन्नासाव्या नगासाठी ग्राहक ५० द्यायला तयार होता, आता ७० देतो. विक्रेता तो नग पूर्वी ५० ला विकायचा, आता त्याला ६० हवेत. ग्राहकाची तयारी २० ने वाढली, विक्रेत्याची अपेक्षा १० नेच. त्या नगावर अजून सौदा पटतो, त्याच्या पुढच्या काही नगांवरही पटतो, म्हणून विक्री वाढते.

तीस नगांची घट उभ्या मापात दहाच का भरली? कारण आपला पुरवठा लवचीक आहे. किंमत एकाने वाढली की तीन नग जास्त येतात, त्यामुळे तीस नग परत खेचायला किमतीत दहाची वाढ पुरते. या बाजारात विक्री जुन्या ५० वर परत आणायची तर पुरवठा थेट ६० नगांनी घटावा लागेल. तेव्हा किंमत ७० होईल, आणि घट त्याहून मोठी झाली तरच विक्री ५० च्या खाली जाईल.

[सगळ्या रेषा पुसल्या जातात. उरतात फक्त छेदबिंदू.]

प्रत्यक्षात अभ्यासकासमोर रेषा नसतातच, असतात ते हे ठिपके. दर वर्षाची एक किंमत, एक विक्री. त्यांवरून मागे जाता येतं, पण थोडंच. किंमत आणि विक्री दोन्ही वाढल्या असतील, तर मागणी नक्की वाढली आहे, कारण एकट्या पुरवठ्याने दोन्ही वाढवता येत नाहीत. त्या काळात पुरवठा वाढला की घटला, हे मात्र या दोन आकड्यांतून निघत नाही. विक्री वाढून किंमत उतरली असेल, तर पुरवठा नक्की वाढला आहे, आणि मागणीबद्दल तोंड बंद ठेवलेलं बरं.

ते बंद न ठेवण्याचा प्रसिद्ध नमुना १९१४ चा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांनी कच्च्या लोखंडाच्या किमती आणि नगसंख्या यांचे आकडे मांडले आणि त्यांतून चढती रेषा मिळाली. मूर यांनी ती मागणीची रेषा मानली: किंमत वाढली की मागणीही वाढते, असा नव्या प्रकारचा नियम. पण लोखंडाची मागणी तेजीत फुगते आणि मंदीत आटते. मागणीची रेषा वर्षानुवर्षं पुढेमागे होत होती, पुरवठ्याची त्या मानाने जागेवर होती, आणि ठिपके पुरवठ्याच्या रेषेवरून चालत होते.

१९२७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एल्मर वर्किंग यांनी हे आकृत्यांसह नीट मांडलं. मागणी जास्त हलली तर ठिपके पुरवठ्याची रेषा दाखवतात, पुरवठा जास्त हलला तर मागणीची. दोन्ही सारख्याच, एकमेकींशी संबंध न ठेवता हलल्या, तर ठिपक्यांचा नुसता पुंजका होतो. त्यातूनही कोणी सरासरी रेषा काढू शकतो, अगदी सुबक. फक्त ती ना मागणीची असते, ना पुरवठ्याची.