शेवभाजीत पाणी ओतू नका

मागच्यांनी जरा पुढे या. वेळ कमी दिलाय, पण विदेशी पाहुण्यांना आपलं जेवण कसं वाढायचं हे सांगताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही. अजिंठा बघायला येणारे बरेच विदेशी पाहुणे जळगावलाच उतरतात. आमच्याकडे एक बेल्जियमचं जोडपं होतं, त्यांना शेवभाजी खायचीच होती, म्हणून वाटेत एका हॉटेलात बसलो. तिखट कमी म्हटल्यावर त्या माणसाने तयार रश्श्यात गरम पाणी ओतलं आणि वाटी आणून ठेवली. बाईंनी पहिला घास वरची तर्री घेऊनच खाल्ला, डोळ्यांतून धारा लागल्या, त्यात घटाघटा गार पाणी प्याल्या, पण तिखट उतरायचं नावच नाही. बिचाऱ्या दिवसभर फक्त केळीवर राहिल्या हो!

मिरचीचा जाळ ज्या कॅप्सेसिनमुळे होतो ते तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाहीच. म्हणजे पाणी ओतून भाजी बेचव होते आणि तिखट तर्रीत वरच्यावर तसंच तरंगत राहतं. म्हणून भांडं आधीच वेगळं करायचं. भाजलेला कांदा, खोबरं, लसूण हे वाटण सगळ्यांचं एकच, ते तेलात चांगलं परतलं की पाहुण्यांपुरतं काढून घ्या, त्यात काळा मसाला चिमूटभर, लाल तिखट नाही, आणि मग पाणी. घरच्यांची भाजी मागे राहिलेल्या वाटणात नेहमीसारखी झणझणीत करा ना, कोण अडवतंय. फक्त शेव पण तिखट असते हे विसरतात लोक, ती साधी घ्या आणि वाढतानाच टाका. शेजारी दह्याची वाटी ठेवा. तोंड पोळलं तर दही किंवा दूधच द्या, त्यातलं प्रोटीन ते कॅप्सेसिन ओढून घेतं.

चिठ्ठी आली, आटोपतो. आदल्या दिवशीच विचारा, शेंगदाणा चालतो का. आपल्याकडे भरतात दाणे, ठेच्यात दाणे, तेल पण दाण्याचं, आणि ज्यांना ॲलर्जी असते त्यांच्या जिवावर बेतू शकतं, तिथे "थोडंसं खाऊन बघा" अजिबात नको. आग्रहाचं पण सांगून ठेवा, ताट रिकामं दिसलं की आपण वाढतो, त्यांना वाटतं संपवलंच पाहिजे, मग बसतात कण्हत. नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा, हे जेवायच्या आधीच दाखवा. भाकरी उजव्या हाताने तोडून दाखवा, पण चमचा मागितला तर द्या. पहिल्या दिवशी वरण-बट्टी आणि तूप, सगळं गरम. कापून ठेवलेला कांदा-काकडी नको, पाणी उकळलेलं किंवा सीलबंद.

काय ताई? भरीत? हो, देता येतं की. वांगी काड्यांवर भाजून बडगीत ठेचली की मिरची घालायच्या आधी त्यांचा वाटा काढा, मीठ, कांद्याची पात आणि थोडं तेल, आणि दाण्याचं उत्तर "नाही" असेल तर दाणेही नको, तेलही दुसरं.