भरतीची राहिलेली नोंद: स्प्लाइनची समीकरणं एका फेरीत सोडवताना
(रत्नागिरीत विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या पट्टीवर पाणी किती चढलं, ते दर तासाला लिहायचं आहे असं समजा. भरती सुरू झाल्यावर ०, १, २, ४ आणि ५ व्या तासाला ०.६, १.०, १.७, २.५ आणि २.२ मीटर अशा नोंदी मिळाल्या. तिसऱ्या तासाची राहिली. सरळ रेघ ओढली तर तिथे २.१ मीटर येतं. पण भरती सरळ रेघेत चढत नाही, वरच्या टोकाशी ती वळते. ते वळण धरायला नॅचरल क्युबिक स्प्लाइन वापरू, म्हणजे दर दोन नोंदींमध्ये घनघाती वक्राचा एक तुकडा, आणि सगळे तुकडे सांध्यांवर गुळगुळीत जोडलेले.

प्रत्येक नोंदीपाशी वक्राचा दुसरा डेरिव्हेटिव्ह किती, हे आपलं अज्ञात. त्याला M म्हणू. दोन शेजारच्या नोंदींमधलं अंतर h. दोन तुकड्यांचा उतार सांध्यावर जुळला पाहिजे, एवढ्या अटीतून आतल्या प्रत्येक नोंदीसाठी एक समीकरण मिळतं. डाव्या M चा गुणक डावा h, उजव्याचा उजवा h, मधल्याचा दोन्हींच्या बेरजेची दुप्पट. उजव्या बाजूला, नोंदी सरळ रेघांनी जोडल्या तर उजव्या रेघेच्या उतारातून डाव्या रेघेचा उतार वजा करून येणाऱ्या फरकाची सहापट. दोन्ही टोकांना M शून्य. M1, M2, M3 हे अनुक्रमे १, २ आणि ४ व्या तासाचे धरले, तर आपल्या नोंदींसाठी ही समीकरणं अशी:

```
4·M1 +   M2          =  1.8
  M1 + 6·M2 + 2·M3   = -1.8
       2·M2 + 6·M3   = -4.2
```

प्रत्येक ओळीत फार तर तीनच अज्ञातं. म्हणून वरच्या ओळीच्या मदतीने खालच्या ओळीतलं फक्त एकच पद काढायचं असतं. पहिल्या ओळीचा चौथा हिस्सा दुसरीतून वजा केला की M1 जातो, ६ चे ५.७५ होतात आणि उजवीकडे −२.२५ उरतात. आता २ भागिले ५.७५ या पटीने दुसरी ओळ तिसरीतून वजा करा. तिसरीत ५.३०४ गुणिले M3 बरोबर −३.४१७ एवढंच राहतं. M3 = −०.६४४. तो वर ठेवत गेलो की M2 = −०.१६७, M1 = ०.४९२. खाली जाताना काढणं, वर येताना भरणं. याला थॉमस अल्गोरिदम म्हणतात. खालच्या कोडमध्ये a, b, c हे ओळीतल्या डाव्या, मधल्या आणि उजव्या M चे गुणक, d ही उजवी बाजू, आणि n ही तुकड्यांची संख्या, इथे ४.

```python
for i in range(2, n):
    w = a[i] / b[i-1]
    b[i] -= w * c[i-1]
    d[i] -= w * d[i-1]
M[n-1] = d[n-1] / b[n-1]
for i in range(n-2, 0, -1):
    M[i] = (d[i] - c[i]*M[i+1]) / b[i]
```

तिसऱ्या तासाला, म्हणजे दोन तासांच्या तुकड्याच्या मध्यावर, सरळ रेघेच्या २.१ मधून h²/१६ गुणिले (M2 + M3) वजा करायचं. M दोन्ही ऋण आहेत, म्हणून ०.२० ची भर पडते आणि २.३० मीटर येतं. वीस सेंटिमीटरचा फरक उथळ खाडीतून होडी काढणाऱ्याला क्षुल्लक नाही.

आता खरा प्रश्न. भागाकार करताना b शून्य किंवा अगदी लहान झाला तर? सामान्य गाउस रीतीत याच भीतीने ओळींची अदलाबदल करावी लागते. इथे लागत नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. वरच्या ओळीचा b नेहमी दोघींमधल्या h च्या दुपटीहून मोठा असतो. त्यामुळे खालच्या b मधून जे वजा होतं ते त्या h च्या निम्म्याहूनही कमी. मग उरलेला b सुद्धा पुढच्या h च्या दुपटीहून मोठाच राहतो. हीच साखळी शेवटपर्यंत चालते. ती तुटते फक्त वेळा उलटसुलट लागल्या तर. एकच वेळ दोनदा लिहिली गेली, तर h शून्य होऊन उतार काढतानाच गाडी अडते. म्हणून आधी वेळा चढत्या क्रमाने लावून तपासा.

महिनाभर दर पंधरा मिनिटांनी नोंद घेतली तर २,८८० नोंदी होतात. पूर्ण मॅट्रिक्स मांडलं तर ऐंशी लाखांहून जास्त आकडे, त्यातले जवळजवळ सगळे शून्य. आपल्या फेरीला काही हजारांचे मोजके अॅरे पुरतात, आणि नोंदी दुप्पट झाल्या तर काम दुप्पटच होतं. मॅट्रिक्सचा व्यस्त मात्र काढू नका. तो शून्यांनी भरलेला नसतो, सगळा फायदा तिथेच जातो.

उत्तर मूळ समीकरणांत ठेवून ताळा करा. फेरीत b आणि d बदलतात, म्हणून त्यांची प्रत आधी काढून ठेवा. पण हा ताळा फक्त सोडवणुकीची चूक पकडतो. राहिलेली नोंद विसरून कोणी सगळे h एक धरले, तर चुकीच्या समीकरणांचंही उत्तर ताळ्यात बरोबर बसेल. त्यासाठी दुसरी चाचणी: त्याच वेळांना, पण खऱ्या घड्याळाप्रमाणे सरळ रेषेवरच्या उंच्या द्या. सगळे M शून्य आले पाहिजेत. नाही आले तर h ची मांडणी चुकली आहे.

टोकाला M शून्य धरणं ही आपली सोय आहे, समुद्राची नव्हे. नोंदी भरतीच्या ऐन माथ्यावर थांबल्या, तर वक्र जिथे सर्वांत जास्त वाकायला हवा तिथेच तो सरळ होतो. सारख्या अंतराच्या नोंदींत या चुकीचा परिणाम आत जाताना दर नोंदीला सुमारे ०.२७ पट उरतो, चिन्ह उलटत उलटत. तीन नोंदी आत तो पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून माथा हवा असेल तर पाणी उतरू लागल्यावरही तीन-चार नोंदी घेत राहा, आणि मगच पट्टीजवळून उठा.