मेंढा कधी सोडायचा? फलटणच्या माळावरचं एक वर्ष

[दृश्य: उन्हाळ्याच्या शेवटाचा उघडा माळ. बाभळीच्या सावलीत बसलेला कळप.]

मे महिना संपत आलाय. फलटण तालुक्यातल्या या माळावर गवताची काडी नाही. तरीही या कळपाची पुढच्या वर्षाची कमाई याच दिवसांत ठरते, कारण मेंढ्यांमध्ये पैदाशीचा मेंढा सोडायची तारीख आता जवळ आली आहे.

बऱ्याच कळपांत मेंढा बाराही महिने मेंढ्यांसोबतच चरतो. मग कोकरं कधीही जन्मतात. त्यातली काही भर पावसात, चिखलात जन्मतात. ओलं अंग आणि गार वारा यांमुळे कोकरांना फुप्फुसदाह होतो आणि पहिल्या आठवड्यातच मरतूक सुरू होते. म्हणून आपण सुरुवात उलट्या बाजूने करू. कोकरं कधी जन्मायला हवीत ते आधी ठरवू आणि तिथून मागे मोजू.

[दृश्य: काळ्या दख्खनी मेंढ्या, शेजारी उंच, पांढऱ्या-तपकिरी माडग्याळ मेंढ्या.]

ही काळी, जाड लोकरीची मेंढी दख्खनी, तिच्या लोणंद प्रकारातली. संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी हे तिचे आणखी प्रकार. अंगाने लहान, पण लांब चालणारी, आणि कोरड्या काटक्याकुटक्यांवर तग धरणारी. शेजारची उंच, नाकाला बाक असलेली मेंढी जत तालुक्यातली माडग्याळ. तिला लोकर जवळपास नाहीच, पण कोकरं झपाट्याने वाढतात. मटणाला भाव आणि लोकरीला गिऱ्हाईक नाही, म्हणून अनेकांनी दख्खनी कळपात माडग्याळ मेंढा घातला. दख्खनी मेंढीपासून वर्षाकाठी मिळते साधारण अर्धा किलो लोकर, तीही भरड, घोंगडीपुरती. कातरणीची मजुरी त्यातून निघत नाही, ही तक्रार खरीच आहे. पण माडग्याळचं मोठं अंग पोसायला चाराही जास्त लागतो. चारा तोच ठेवून नुसता मेंढा बदलला, तर टंचाईच्या वर्षी मेंढ्या गाभणच राहत नाहीत. जात निवडताना आधी आपला माळ बघायचा, बाजार त्यानंतर.

[दृश्य: कॅलेंडरवर १५ जून आणि १२ नोव्हेंबर या तारखा.]

आता गणित. समजा कळपात ६० मेंढ्या आहेत. मेंढीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. १५ जूनला मेंढा सोडला, तर पहिली कोकरं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतात. तेव्हा पाऊस थांबलेला असतो आणि खरिपाची रानं चरायला मोकळी झालेली असतात. त्याहून महत्त्वाचं असं की पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते, आणि हा दीड महिना ऑक्टोबरच्या चाऱ्यावर पडतो. या तारखेचा खरा फायदा हाच आहे.

अडचण आहे ती मे महिन्यात. मेंढी रोड असेल तर ती नीट माजावर येत नाही. म्हणून मेंढा सोडायच्या आधीचे तीन आठवडे प्रत्येक मेंढीला रोज पाव किलो बाजरी किंवा मका द्यायचा. ६० मेंढ्यांना दिवसाला १५ किलो, २१ दिवसांचे ३१५ किलो. खर्च दिसतो, पण तो वर्षातून एकदाच, नेमक्या वेळी करायचा आहे. आधीच अंगाने भरलेल्या मेंढीला या खुराकाचा फारसा उपयोग होत नाही. पाठीच्या मणक्यांवरून हात फिरवा. टोकं बोटांना टोचत असतील, तर त्या मेंढीला तो हवाच.

मेंढ्यांसोबत मेंढ्याकडेही लक्ष द्यायला हवं, आणि ते सहसा दिलं जात नाही. वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. मे महिन्यात मेंढ्याला उष्णतेचा किंवा तापाचा फटका बसला, तर जूनमध्ये तो दिसायला धडधाकट असतो आणि मेंढ्यांवर चढतोही, पण मेंढ्या गाभण राहत नाहीत. दुपारी त्याला सावली आणि पाणी मिळालंच पाहिजे. ६० मेंढ्यांना तीन मेंढे ठेवावेत.

[दृश्य: मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावणारे हात.]

मेंढा काम करतोय की नाही, हे असं कळतं. त्याच्या छातीला गेरू लावायचा. ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या पाठीवर, शेपटीच्या वर रंग उमटतो. मेंढी साधारण १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते. म्हणून २ जुलैला रंग बदलून निळा लावायचा. आधी तांबड्या झालेल्या मेंढ्यांपैकी थोड्याच निळ्या झाल्या, तर ठीक. बऱ्याच झाल्या, तर दोष बहुधा मेंढ्यात आहे आणि तो बदलायला अजून वेळ आहे. जुलैअखेर मेंढे बाजूला काढायचे. म्हणजे सगळी कोकरं डिसेंबरपर्यंत जन्मतात आणि एका वयाची राहतात.

[दृश्य: ओला, हिरवा माळ. पानांवर दव.]

पावसाळ्यात चारा भरपूर, आणि धोका त्याच चाऱ्यात. जंतांच्या अळ्या ओलाव्यात गवताच्या पात्यावर चढतात. म्हणून कळप दव सुकल्यावर बाहेर काढावा आणि सखल, पाणथळ जागा टाळावी. एकाच तुकड्यावर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त चारू नये, कारण लेंड्यांतल्या अंड्यांपासून नवीन अळ्या तेवढ्यात तयार होऊ लागतात. रक्त पिणाऱ्या जंतांची खूण डोळ्यांत दिसते. खालची पापणी ओढून पाहा. आतला भाग लालसर असेल तर मेंढी ठीक आहे, पांढुरका पडला असेल तर औषध द्यायचं. जबड्याखाली पाण्याची सूज दिसली, तर उशीर होतोय असं समजा. सरसकट सगळ्या कळपाला वारंवार औषध पाजलं, तर जंत त्याला दाद देईनासे होतात.

आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी आणि पुन्हा विण्याच्या महिनाभर आधी टोचावी. दुसऱ्या लसीचं संरक्षण चिकातून कोकरांना मिळतं. कापणीनंतर ज्वारीच्या धसकटांना फुटलेल्या कोवळ्या पोंग्यांवर मात्र कळप सोडू नये. त्यातल्या सायनाइडने मेंढ्या तासाभरातही दगावतात.

[दृश्य: एका मेंढीला पिणारी दोन कोकरं.]

ही जुळी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या छोट्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी रक्तात आणलं. त्यातून ‘नारी सुवर्ण’ ही मेंढी तयार झाली. पण दोन कोकरांना दूध दुप्पट लागतं. ऑक्टोबरपासून खुराक देणं ज्याला जमतं, त्यानेच ही मेंढी घ्यावी. नाहीतर दोन अशक्त कोकरांपेक्षा एक सुदृढ कोकरू परवडतं.

दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्यांना, म्हणजे कळप घेऊन एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांना मात्र १५ जून ही तारीख अडचणीची ठरते. वाटेतच विणं सुरू होतं आणि त्याच दिवशी जन्मलेली कोकरं घोड्यावर लादून न्यावी लागतात. त्यांनी १५ मेला मेंढा सोडला, तर कोकरं ऑक्टोबरच्या मध्यापासून येतात आणि निघताना त्यातली पहिली तरी आपल्या पायांनी चालू लागतात. बदल्यात खुराक एप्रिलच्या अखेरीस, रणरणत्या उन्हात द्यावा लागतो. माझ्या मते हा खर्च वाड्याने करावा.

[दृश्य: फेब्रुवारी. वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत वेगळी बांधलेली कोकरं.]

नोव्हेंबरची कोकरं फेब्रुवारीत तीन महिन्यांची होतात. तेव्हा ती आयांपासून तोडावीत आणि नर कोकरं माद्यांपासूनही वेगळी ठेवावीत, कारण पाचव्या-सहाव्या महिन्यात ती मेंढ्यांवर चढू लागतात आणि ठरवलेल्या तारखांना काही अर्थ उरत नाही. आटलेल्या मेंढीला पुन्हा अंग धरायला जूनपर्यंत साडेतीन महिने मिळतात. ज्या मेंढीच्या पाठीवर जुलैअखेर कोणताच रंग उमटला नव्हता, ती मात्र दिवाळीच्या आधीच विकून टाकलेली बरी.