कारण आहे म्हणून आजार नाही, असं नसतं

[दृश्य: नागपूरच्या दक्षिण भागातली एक वस्ती. पहाट. एकाच घरातला दिवा लागलेला.]

निवेदन :

मानेवाड्याकडचं एक घर धरू. वडील सत्तरीला आलेले, रेल्वेतून निवृत्त. दिवाळीच्या आसपास त्यांची बायको गेली. आता होळी होऊन गेली आहे, कूलरला नवीन खस लागली आहे, आणि मुलगी रोज फोनवर भावाला एकच विचारते, "दादा, बाबा बरे आहेत ना?"

भाऊ म्हणतो, "अगं, आई गेली. दुःख तर राहीलच ना."

हे उत्तर खोटं नाही, पण पुरेसंही नाही. दुःखाच्या आडून डिप्रेशनही येऊ शकतं. पहिल्या दोन महिन्यांत वडील खूप रडले. तिचं पातळ कपाटात दिसलं की रडायचे, तिच्या हातच्या सांबारवडीची आठवण निघाली की रडायचे. पण त्याच दिवसांत नातू शाळेतली गंमत सांगायला लागला की हसायचेही. बहीण येऊन बसली की दोन घास जास्त जायचे. रविवारी चौकात तर्री-पोहे खायला मित्र बोलवायला आला, तर कुरकुरत का होईना, उठायचे.

दुःख असं असतं. ते पावसाच्या सरीसारखं येतं, चिंब करतं आणि थोडी उघडीप देतं. मन हललेलं असतं, पण आनंद घ्यायची ताकद शाबूत असते. आणि दुःखातला माणूस बहुधा स्वतःला नालायक समजत नाही. त्याला गेलेलं माणूस हवं असतं.

[दृश्य: पलंगाच्या कडेवर बसलेली पाठमोरी आकृती. भिंतीवरचं घड्याळ, साडेतीन.]

मग जानेवारीत रडणं थांबलं. घरच्यांना वाटलं, बाबा सावरले. अशा घरांमध्ये हा गैरसमज फार होतो, म्हणून इथे थांबू या.

रडणं थांबलं, पण त्या जागी काहीच आलं नाही. नातू बोलत असतो, ते बघत असतात, चेहरा हलत नाही. पोह्याला बोलावलं तर म्हणतात, "मन लागून नाही राहिलं." पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग झोप नाही. सकाळ सगळ्यात जड जाते, अंघोळीला उठणंही डोंगर होतो. संध्याकाळी जरा बरं वाटतं. पाहुणे येतात ते नेमके संध्याकाळी, आणि म्हणतात, "बाबा तर ठीक दिसून राहिले." दिवसभर सोबत असणाऱ्या सुनेला दिसतं ते त्यांना दिसत नाही. अशा वेळी सुनेचं ऐका.

पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला आहे. बोलणं संथ झालं आहे. काही विचारलं तर उत्तर उशिरा येतं, पुष्कळदा "माहीत नाही" एवढंच. घरात कुजबुज सुरू होते की बाबांना विसरायचा आजार झाला. तशी शक्यता असतेच, ती तपासावी लागते. पण म्हाताऱ्या माणसांत डिप्रेशन पुष्कळदा याच वेषात येतं: स्मरण गेल्यासारखं वाटणं, पोट साफ नसल्याची तक्रार, अंगदुखी. "मी उदास आहे" हे वाक्य ते बोलतही नाहीत.

आणि एक दिवस वडील म्हणतात, "मीच तिला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही. तुमच्यावर ओझं झालो मी."

आता दुःख गेलेल्या बायकोकडून वळून स्वतःवर आलं आहे. त्यांना आता ती हवी आहे एवढंच नाही; आपणच नकोसे आहोत असं त्यांना वाटू लागलं आहे.

[दृश्य: दवाखान्याची ओपीडी, बाकावर बसलेले बाप-लेक.]

मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात कसं? नऊ लक्षणं बघतात. मन उदास असणं, कशातच रस न वाटणं, झोप, भूक, थकवा, हालचाल संथ होणं किंवा जीव सैरभैर होणं, एकाग्रता जाणं, नालायकपणाची किंवा अपराधाची भावना, आणि मरणाचे विचार. यातली निदान पाच लक्षणं, दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ असावी लागतात, आणि पहिल्या दोनपैकी एक त्यात हवंच. रोजचं जगणंही त्यामुळे अडलेलं असायला हवं.

या यादीत "कारण आहे का?" हा प्रश्न नाही. बायको जाणं हे दुःखाचं कारण आहे, आणि तेच डिप्रेशनचं निमित्तही होऊ शकतं. पाय घसरून पडल्यावर हाड मोडलं, तर "पडला म्हणून दुखतंय" म्हणून आपण प्लास्टर टाळत नाही. म्हणून भावाचं ते वाक्य अपुरं आहे.

डॉक्टर रक्तही तपासायला सांगतील: थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर. थायरॉईड मंद झालं तरी माणूस असाच सुस्त, उदास होतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

वडील यायला तयार नसतील, तर खोटं सांगून नेऊ नका. खरं तेच सांगा: "बाबा, तुम्हाला झोप येऊन नाही राहिली. त्याच्यासाठी दाखवू." झोपेबद्दल बोलायला म्हातारी माणसं तयार होतात. नागपुरात मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. त्या नावाची भीती वाटत असेल, तर आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. सुरुवात तिथूनही होते.

मात्र, ओळखीच्या दुकानातून झोपेची गोळी आणून देऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, आणि या वयात रात्री उठताना माणूस पडतो. डिप्रेशनची औषधं वेगळी असतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण ती एकदम बंद केली तर गरगरतं, जीव घाबरतो. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळूच थांबवायची.

ही औषधं दुसऱ्या दिवशी काम करत नाहीत. दोन ते चार आठवडे लागतात, या वयात त्याहूनही जास्त. त्याआधीच मळमळ, पोट बिघडणं असा त्रास होतो, आणि पुष्कळ घरं नेमकी इथे औषध सोडतात. वयस्कर माणसात या औषधांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. गोळी सुरू झाल्यावर ते फार गुंगीत दिसले, गोंधळले, तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा. आधी सुधारते ती बहुधा झोप आणि भूक. फरक त्यांच्याआधी तुम्हाला दिसतो. ते "काही फरक नाही" म्हणत असतात आणि ताटातली पोळी संपलेली असते. बरं वाटल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवतात, कारण लवकर सोडलं की आजार उलटू शकतो.

[दृश्य: अंधारातला ओटा, दोघं शेजारी बसलेले. चेहरे दिसत नाहीत.]

एक प्रश्न आहे, जो विचारायला घरच्यांची जीभ उचलत नाही. तो विचारा. शेजारी बसून, सरळ: "बाबा, जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?"

विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर तो बाहेर येतो. "तिच्याकडे जावंसं वाटतं" असं दुःखातली पुष्कळ माणसं म्हणतात. तरी तेवढ्यावर सोडू नका, पुढे विचारा: कसं करायचं, काही ठरवलं आहे का? उत्तर हो आलं, किंवा ते गप्प झाले आणि तुमच्या पोटात गोळा आला, तर त्यांना एकटं सोडू नका. गोळ्यांचे डबे, शेतातलं फवारणीचं औषध घरात असेल तर ते, दोर, सगळं त्यांच्या हाती लागणार नाही असं दूर ठेवा. त्याच रात्री मेडिकलच्या कॅज्युअल्टीला न्या. काय करावं सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. तो दिवसरात्र सुरू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आजारी माणसानेच फोन करायला हवा असं नाही. काळजीत असलेली मुलगीही करू शकते.