जुना दर कुठे कुठे उरतो?

(छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वेबसाइटची वार्षिक तपासणी म्हटलं की बहुतेक जण मुख्य पानापासून सुरुवात करतात. एकेक पान उघडायचं, वाचायचं, चुकीचं दिसेल ते सुधारायचं. पंधरा-वीस पानं झाली की डोळे सरावतात. आपणच लिहिलेला मजकूर असतो, त्यामुळे आपण तो वाचत नाही, नुसता ओळखतो. आणि जे पान मेनूत नाही ते तर उघडलंच जात नाही. म्हणून माझी पद्धत उलटी आहे. पानांपासून सुरुवात करू नका, आकड्यापासून करा.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा, एक प्रशिक्षण केंद्र आहे. एका अभ्यासक्रमाची फी गेल्या वर्षी ४५०० होती, यंदा ५२०० झाली. वेबसाइट पाहणाऱ्या व्यक्तीने अभ्यासक्रमाच्या पानावरचा आकडा त्याच दिवशी बदलला. तरी पुढचे दोन-तीन महिने लोक फोन करून म्हणतात, ‘तुमच्याकडे ४५०० लिहिलंय.’ ते खोटं बोलत नसतात. त्यांनी कुठेतरी ते खरोखरच पाहिलेलं असतं. ते ‘कुठेतरी’ शोधायचं, हे आपलं काम.

पहिली अडचण आपल्याच लिपीची आहे. एकच रक्कम आपण किती तऱ्हांनी लिहितो पाहा. कुठे इंग्रजी आकड्यांत 4500, कुठे स्वल्पविराम घालून 4,500, कुठे देवनागरीत ४५०० किंवा ४,५००, आणि एखाद्या लेखात चक्क ‘साडेचार हजार’. संगणकाच्या दृष्टीने 4 आणि ४ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. वर्डप्रेसच्या शोधपेटीत 4500 टाकून ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की या एका रूपात सापडलं नाही. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल, सर्व्हरवर आज्ञा देता येत असतील आणि तिथे WP-CLI हे साधन बसवलेलं असेल, तर सगळी रूपं एकाच वेळी शोधता येतात:

```
wp db search '4,?500|४,?५००|साडेचार हजार' --regex
```

ही आज्ञा काहीही बदलत नाही, फक्त दाखवते. निकालांची यादी लांब येईल, तिला घाबरू नका. त्यात फोन नंबरातला 4500 येईल, कुठल्यातरी नोंदीचा क्रमांक येईल आणि पानांच्या जुन्या आवृत्त्याही येतील. वर्डप्रेस प्रत्येक बदलाआधीचा मजकूर जपून ठेवतं, पण तो वाचकाला दिसत नाही, तेव्हा तो सोडून द्या. ज्यांना आज्ञा वगैरे जमत नाही त्यांनी गूगलमध्ये `site:example.com "4500"` असं आपल्या पत्त्यासह शोधावं आणि मग बाकीची रूपं एकेक करून टाकावीत. हा शोध अर्धामुर्धा असतो, गूगल सगळी पानं दाखवेल असं नाही. पण एक फायदा असा की मेनूतून काढून टाकलेली आणि तरीही जिवंत असलेली पानं इथे बऱ्याचदा भेटतात.

आपल्या केंद्राच्या बाबतीत काय सापडतं? अभ्यासक्रमाच्या पानावर ५२०० आहे, ठीक. ‘नेहमीचे प्रश्न’ या पानावर ‘फी दोन हप्त्यांत भरता येईल, पहिला हप्ता २२५०’ असं वाक्य आहे. इथे ४५०० कुठेच नाही, पण त्याचं अर्धं आहे. म्हणजे शोधताना मूळ दराबरोबर त्यातून निघालेल्या रकमाही शोधायला हव्यात: हप्ता, सवलतीनंतरचा दर, दोघांनी मिळून नाव नोंदवल्यास लागणारा दर. हे कोणतंही साधन आपणहून सांगणार नाही. कागदावर त्या रकमांची यादी करायला दहा मिनिटं लागतात, तेवढी काढावीत.

यानंतरची जागा डोळ्यांना दिसतच नाही. शोधयंत्रांना नीट कळावं म्हणून पानाच्या आत दराची वेगळी नोंद ठेवलेली असते. वेबसाइट बनवणाऱ्याने ती एकदा घातलेली असते आणि नंतर कुणाला तिची आठवणही नसते:

```
"price": "4500",
"priceValidUntil": "2024-03-31"
```

वाचकाला पानावर ५२०० दिसतं, गूगलला आतून ४५०० सांगितलं जातं. शोधनिकालात नावाखाली दर झळकत असेल तर तो इथूनही आलेला असू शकतो. दुसरी ओळ दर कधीपर्यंत लागू आहे ते सांगते. ती तारीख उलटून गेली असेल तर दरासह येणारा तो खास निकाल कदाचित दिसणारही नाही, असं गूगलच्याच मार्गदर्शनात म्हटलं आहे. पानावर उजवी कळ दाबून ‘पेज सोर्स’ उघडा आणि तिथे आकडा शोधा. तिथेच `description` नावाची ओळही सापडेल. शोधनिकालात पत्त्याखाली येणारं ते दोन ओळींचं वर्णन. ‘फक्त ४५०० मध्ये’ हे शब्द तिथे बसलेले मी इतक्या वेळा पाहिलेत की हल्ली मी तपासणीच तिथून सुरू करतो.

आता ऑफर. संपलेल्या ऑफरचं पान दिसलं की ते उडवण्याचा मोह होतो. आधी एक पाहा: त्या पानावर अजून कोण येतं? गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मागच्या १६ महिन्यांची शोधाची आकडेवारी मिळते, म्हणजे वर्षातून एकदा तपासलं तर पूर्ण वर्ष हाताशी असतं. पण छापील पत्रकावरच्या क्यूआर कोडवरून येणारे लोक तिथे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी वेबसाइटच्या भेटींची नोंद पाहावी लागते. पत्रक लोकांच्या ड्रॉवरमध्ये राहतं आणि कोड चालतच राहतो.

ऑफर दरवर्षी येणारी असेल तर पान काढूच नका. तोच पत्ता ठेवा, मजकूर बदला, आणि पत्त्यात साल घालू नका. `/offer-2023` असा पत्ता दरवर्षी नवा करावा लागतो, जुने दुवे तुटतात आणि पानाने कमावलेली ओळख वाया जाते. एकदाच झालेली ऑफर असेल आणि तिची जागा घेणारं जवळचं पान असेल, तर तिकडे कायमचं वळण द्या, म्हणजे ३०१. आपल्या केंद्राची ‘आगाऊ नोंदणी सवलत’ संपली, तर तिचा दुवा त्याच अभ्यासक्रमाच्या पानाकडे जावा. सगळी मेलेली पानं मुख्य पानाकडे वळवायची सवय मात्र सोडा. माणूस गोंधळतो, आणि गूगल अशा वळणाला बऱ्याचदा ‘पान नाही’ असंच समजतं. जवळचं पान नसेल तर सरळ ४०४ किंवा ४१० येऊ द्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

ऑफर वेळेवर उतरत नाही यामागे आळसाखेरीज आणखी एक कारण आहे. वर्डप्रेसमध्ये पान अमुक तारखेला आपोआप प्रकाशित करण्याची सोय मुळातच आहे, अमुक तारखेला उतरवण्याची नाही. त्यासाठी वेगळं प्लगइन लागतं. म्हणून ऑफर चढवतानाच ती उतरवण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाकावी आणि पुढे ज्याने उतरवायची त्याचं नाव लिहावं. नाव नसलेलं काम कुणाचंच नसतं.

फोटोंकडे येऊ, कारण इथे शोधपेटी कामाची नाही. बॅनरच्या चित्रात कोरलेला ‘४५००’ कोणत्याही शोधात सापडत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो. मीडिया लायब्ररी तारखेप्रमाणे लावून जुन्याकडून नव्याकडे या. वर्डप्रेस सहसा फाइल वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवतं, त्यामुळे `/uploads/2019/06/` हे पाहिल्यावर फोटोचं वय कळतं. निदान तो चढवला कधी ते तरी. पाहायचं काय? चित्रातला मजकूर आणि आकडे, जुना लोगो, सोडून गेलेली माणसं, आता वापरात नसलेली खोली किंवा यंत्र. केंद्राच्या फोटोत बारा संगणक दिसतात आणि आज आठ असतील, तर तो फोटो जुन्या दराइतकाच चुकीचा आहे.

इथे एका सापळ्याबद्दल सांगतो. लायब्ररीच्या यादीत काही फोटोंसमोर ‘Unattached’ असं लिहिलेलं असतं. लोक ते ‘कुठेच वापरलेले नाहीत’ असं वाचून सगळे एका फटक्यात उडवतात आणि दुसऱ्या दिवशी पानांवर रिकामे चौकोन दिसतात. ती नोंद फक्त फोटो कोणत्या पानातून चढवला गेला एवढंच सांगते, तो कुठे वापरला आहे हे नाही. उडवण्याआधी फाइलच्या नावाने डेटाबेसमध्ये शोध घ्या.

याच्या उलटही होतं. फोटो पानावरून काढला म्हणजे तो गेला असं होत नाही. मूळ फाइल आणि तिच्या लहान-मोठ्या प्रती सर्व्हरवर तशाच राहतात आणि चित्रांच्या शोधात दिसू शकतात. सोडून गेलेल्या एखाद्या प्रशिक्षकाने ‘माझा फोटो काढा’ म्हटलं असेल, तर पानावरून काढणं पुरेसं नाही, लायब्ररीतून काढा. आणि फोटो बदलताना नवी फाइल जुन्याच नावाने चढवू नका. वाचकाच्या ब्राउझरने जुनी प्रत साठवलेली असते, तो तीच पाहत राहतो. नवं नाव दिलं की प्रश्नच मिटतो.

साठवलेल्या प्रतींची गंमत तुम्हालाही चकवते. वेबसाइटवर कॅश चालू असेल तर लॉग-इन केलेल्या तुम्हाला सहसा ताजं पान दिसतं आणि बाहेरच्या माणसाला साठवलेलं. तेव्हा सगळे बदल झाले की कॅश रिकामी करा आणि मोबाइलवर, लॉग-इन न करता, खाजगी खिडकीत पाहा. दुवा मेसेजमध्ये पाठवल्यावर खाली जे छोटं चित्र येतं तेही पाहा. ते `og:image` या वेगळ्या नोंदीतून येतं. आपल्या केंद्राचा ४५०० वाला बॅनर सापडला तो शेवटी तिथेच. फेसबुकसाठी त्यांच्या ‘Sharing Debugger’ मध्ये दुवा टाकून ‘Scrape Again’ दाबलं की नवं चित्र उचललं जातं.

एक प्रश्न आत्ताच चिठ्ठीवर आला आहे: ‘जुन्या लेखांतले दरही बदलायचे का?’ लेखावर तारीख ठळक असेल आणि तो त्या वेळची हकिगत सांगत असेल, तर आकडा तसाच राहू द्या. वर एक ओळ टाका की सध्याचे दर अमुक पानावर आहेत, आणि दुवा द्या. तारीख काढून टाकलेले लेख मात्र तपासावेच लागतात, कारण वाचक ते आजचेच समजतो.

दुसरी चिठ्ठी: ‘गूगलमध्ये जुना दर दिसतोच आहे, काय करू?’ पान सुधारलं असेल तर सर्च कन्सोलमध्ये ते पुन्हा तपासण्याची विनंती करा आणि थोडे दिवस थांबा. तिथलं ‘Removals’ हे साधन पान निकालांतून साधारण ६ महिने लपवतं, कायमचं काढत नाही. पान तसंच ठेवून ते वापरलं तर मुदत संपल्यावर ते परत दिसू शकतं. त्यामुळे आधी पान दुरुस्त करा किंवा बंद करा, मग घाई असेल तरच हे वापरा.