हसायची मुभा

हा आमच्या वर्गातला शेवटून दुसरा बाक. कर्कटकाच्या टोकानं कोरलेली अक्षरं अजून बोटाला लागतात. मार्च 2000 मध्ये दहावीची परीक्षा देऊन आम्ही इथून उठलो. पंचवीस वर्षांनी सगळे जमणार म्हटल्यावर कविता लिहायचं काम माझ्याकडे आलं.

चाल सगळ्यांना पाठ असलेली हवी होती, म्हणून अभंग घेतला. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. जोडाक्षर एकच धरायचं. मी आधी 'बाकाच्या कोपऱ्याला' असं लिहिलं होतं. गाऊन बघितलं, तर टाळी चुकायची. बोटांवर मोजलं, अक्षरं सात! मग कोपरा सोडला आणि कड धरली:

बाकाच्या कडेला, कोरलेले नाव,
पुसेना तो घाव, लाकडाचा.

मग शिक्षा आल्या. बाकावर उभं राहणं, कोंबडा, तळहातावर छडी. शारीरिक शिक्षेवर बंदी घालणारा शिक्षण हक्क कायदा 2009 चा, म्हणजे आमच्यानंतरचा. मी लिहिलं:

अंगठे धरून, उभी पोरं चार,
हसू अनिवार, आवरेना.

हे कडवं फोनवर एका मित्राला ऐकवलं. दहावीत तो माझ्याच बाकावर बसायचा. ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही.

"छान आहे रे," तो म्हणाला. "पण मला नाही हसू यायचं. माझ्याकडे भूमितीची वहीच नसायची. घरी मागायची सोय नव्हती."

वर्षभर आमची कोपरं एकमेकांना लागत होती आणि मला हे ठाऊक नव्हतं. तो वही विसरतो, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. शिक्षा एकच होती, पण आम्ही चौघं दंगा केला म्हणून वाकायचो, तो घरात पैसे नव्हते म्हणून.

हसण्याचं कडवं खोटं नव्हतं, म्हणून ते ठेवलं. पण त्याच्या लगेच पुढे दुसरं हवं होतं. 'गरिबी' हा शब्द घालून पाहिला, तर ओळ भाषणासारखी वाटायला लागली. त्याला ज्या जागी उभं करायचे ती जागा आणि नसलेली वही, एवढंच ठेवलं:

वहीविना एक, दारापाशी उभा,
हसायची मुभा, त्याला नाही.

मेळाव्याच्या दिवशी पहिली दोन कडवी सगळ्यांनी टाळ्या वाजवत म्हटली. तिसऱ्याला मी थांबलो आणि कागद त्याच्याकडे दिला. त्यानं ते चाल न लावता, सावकाश वाचलं. मागच्या रांगेतून एक मैत्रीण उठली, पुढे आली आणि म्हणाली, "माझ्याकडेही नसायची."

ती आमच्या बाकावर, त्याच्या शेजारी येऊन बसली. बाक दोघांचा. आम्ही तिघं सरकून बसलो.