मेंढीकोट: हुकूम ठरतो तो हात

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी माजघरात चटई पसरून, नाहीतर गणपतीच्या जागरणाला रात्रभर, मेंढीकोट खेळला नाही असं घर महाराष्ट्रात शोधावंच लागेल. मला या खेळातल्या एकाच क्षणाबद्दल बोलायचं आहे. रंग संपलेला भिडू हातातल्या पानांकडे बघत थांबतो आणि बाकीचे तिघे श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहतात, तो क्षण. तो पुढचं पान टाकेल, त्या पानाचा रंग हुकूम होणार असतो.

ज्यांना सवय राहिली नसेल त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते. चौघे खेळतात आणि समोरासमोरचे दोघे भिडू असतात. 52 पानं वाटली की प्रत्येकाला 13 येतात आणि डाव उजवीकडे फिरतो. उतारीच्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकावं लागतं. दश्शीला मेंढी म्हणायचं. ज्या जोडीकडे तीन मेंढ्या जातील ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर 7 हात करणारी जोडी जिंकते. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या की कोट. काही घरांत बंद हुकूम खेळतात, म्हणजे एकजण सुरुवातीलाच एक पान उपडं ठेवतो आणि अडलेला खेळाडू ते उघडायला लावतो. आज मात्र मी कट हुकमाबद्दल बोलते. त्यात सुरुवातीला हुकूमच नसतो. उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम.

मेंढी स्वतःच्या जोरावर क्वचितच हात करते. एक्का, राजा, राणी आणि गुलाम अशी चार पानं तिच्या डोक्यावर असतात. एका रंगाची 13 पानं चौघांत वाटली जातात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फेरीला कुणाचा तरी तो रंग संपतोच. वरची चार पानं जाईपर्यंत थांबाल तर तोवर कुणीतरी कापायला बसलेला असतो. त्यामुळे मेंढी घरी येते ती भिडूच्या हातावर टाकून, नाहीतर हुकमाच्या बळावर.

आता एक डाव मांडते. जवळ पत्ते असतील तर पानं काढून ठेवा, ऐकायला सोपं जाईल. माझ्या हातात इस्पिकचे एक्का, मेंढी आणि चव्वी. किलवरच्या मेंढी, पंजी आणि तिर्री. चौकटचे फक्त राजा आणि छक्की. बदामाची पाच पानं: राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, दुर्री. पत्ते माझ्या भिडूने वाटले होते, म्हणून पहिली उतारी माझ्या डावीकडच्याची.

त्याने चौकटचा एक्का उतरला. मी छक्की दिली, उजवीकडून तिर्री आली, भिडूकडून चव्वी. मग त्याने माझा राजा ओढायला चौकटची राणी टाकली. मी राजाने हात घेतला, त्यावर पंजी आणि अठ्ठी पडली. आता चौकट माझ्याकडे उरली नव्हती, पण हे मलाच माहीत. मी इस्पिकचा एक्का उतरून आणखी एक हात केला आणि मग इस्पिकची चव्वी टाकली. उजवीकडच्याने राजा मारून तो हात नेला.

त्याने लगेच चौकटचा गुलाम उतरला. एक्का, राजा, राणी गेलेले, त्यामुळे आता गुलामच मोठा. माझ्या भिडूने सत्ती दिली. डावीकडच्याकडे चौकटची मेंढी आणि नव्वी दोन्ही होत्या. भिडूचा गुलाम मोठा आहे, मेंढी घरी नेऊ, असा विचार करून त्याने मेंढी टाकली.

इथे त्याची मोजणी चुकली. चौकटची आठ पानं दोन हातांत जाऊन पडली होती, गुलाम आणि सत्ती समोर होती आणि दोन त्याच्याच हातात. एकूण 12 झाली. त्याने न पाहिलेलं चौकटचं एकच पान बाकी होतं, दुर्री. माझ्यानंतर कुणी खेळणार नव्हतं, मी शेवटची. माझ्याकडे ती दुर्री असेल तरच त्याची मेंढी सुरक्षित होती. ती तिघांपैकी कुणाकडेही असू शकत होती. त्याने नव्वी टाकायला हवी होती.

आता माझी पाळी. चौकट नाही, म्हणजे मी टाकेन तो हुकूम. पहिल्यांदा मन बदामाकडे धावतं. पाच पानांचा रंग आहे, दुर्रीने कापावं आणि राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी हुकूम म्हणून मागे ठेवावी. बरेचजण हेच करतात, आणि मधल्या जागेवर बसलेल्याने केलं तर ते बरोबरही असतं. पण मी शेवटची होते. माझ्या पानावर कुणीच मात करू शकत नव्हतं. दुर्रीने काय आणि मेंढीने काय, हात माझाच. मग त्याच हातात दोन मेंढ्या का न्यायच्या नाहीत?

माझ्याकडे मेंढ्या दोन, इस्पिकची आणि किलवरची. त्यांतली कोणती टाकायची? किलवरच्या मेंढीसोबत पंजी आणि तिर्री होत्या, म्हणजे गरज पडली तर लहान पान देऊन तिला लपवता येत होतं. इस्पिकची मात्र एकटी उरली होती. तिच्यावरचे राणी आणि गुलाम अजून बाहेर होते. कुणीही इस्पिक उतरलं असतं की ती आपोआप पडली असती. मी इस्पिकची मेंढी टाकली. हुकूम इस्पिक, आणि एका हातात दोन मेंढ्या घरी. माझ्याकडे हुकमाचं एकही पान राहिलं नाही हे खरं. पण इस्पिकची नऊ पानं पडून गेली होती, बाहेर फक्त चार होती: राणी, गुलाम, नव्वी आणि छक्की. इतक्या थोड्या हुकमाचा माग ठेवणं अवघड नसतं.

उतारी आता माझी. किलवरची तिर्री टाकली, उजवीकडून दुर्री, भिडूने एक्का मारला, डावीकडून चव्वी. भिडूने लगेच किलवरचा राजा उतरला, डावीकडच्याने छक्की दिली. मी मेंढी टाकावी का? माझ्यानंतर उजवीकडचा खेळणार होता, त्याच्याकडे किलवर नसती तर त्याने हुकमाने कापलं असतं. पण किलवरची पाच पानं मला अजून दिसली नव्हती. त्यांतलं एकही त्याच्याकडे नसेल, याची शक्यता कमीच. मी मेंढी टाकली, त्याने सत्ती दिली. तिसरी मेंढी आली, डाव जिंकला.

उरली बदामाची. भिडूने बदामाचा एक्का टाकला, डावीकडून चव्वी, मी दुर्री दिली. उजवीकडच्याच्या हातात इस्पिकची राणी, गुलाम आणि नव्वी होती, बाहेरच्या चार हुकमांपैकी तीन. पण बदामाचं एक पान त्याच्याकडे होतं, म्हणून त्याला कापता येईना. त्याने ते पान चटईवर ठेवलं. बदामाची मेंढी.

माझा भिडू इतक्या जोरात "कोट!" ओरडला, की आतल्या खोलीत झोपलेलं पोर उठून रडायला लागलं.